समजून घ्या : तारीख गुपित, म्हणून दहा रात्रींची जाग, शब-ए-कद्रचे गणित काय?

जळगाव/धुळे : २०२५ च्या रमजानचे उदाहरण घेऊ, कारण त्यात या विषयातला सगळा गोंधळ एकाच आठवड्यात दिसतो. २६ मार्चला, बुधवारी, सौदी अरेबियात २७ वी रात्र होती. आखाती देशांत नोकरीला असलेल्या नातेवाइकांचे ‘शब-ए-कद्र मुबारक’ असे संदेश त्या संध्याकाळी जळगाव-धुळ्यातल्या मोबाइलवर येऊ लागले, तेव्हा इथे अजून २६ वी रात्र सुरू होत होती. खानदेशात २७ वी रात्र उजाडली, खरे तर मावळली, ती दुसऱ्या दिवशी गुरुवारी. आणि ज्या ग्रंथांच्या आधारे ही रात्र जागवली जाते, ते ग्रंथ तर सांगतात की ती २७ वीच असेल याची खात्री नाही.

मग लाखो लोक नेमके कशासाठी जागे राहतात? आणि तारीख माहीत नसताना ती रात्र ‘साधली’ असे कोणी कसे म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे दिसते की तारखेची अनिश्चितता हाच या जागरणाचा पाया आहे. ती एका ठरावीक रात्रीत बांधून टाकली, की जागरण उरते, पण त्याचा हेतू निसटतो.

‘कदर’ शब्द आपल्याच बोलीतला

शब म्हणजे फारसीत रात्र. अरबीत याच रात्रीला लैलतुल कद्र म्हणतात. कद्र म्हणजे मोल, मान, तसेच मोजमाप आणि नियती. ‘त्याने माझ्या कष्टाची कदर केली नाही’ असे मराठीत आपण सहज म्हणतो, तो शब्द याच मुळातून आला आहे. म्हणून ‘कदर करण्याजोगी रात्र’ असा सोपा अर्थ केला तरी चालतो.

पवित्र कुरआनच्या ९७ व्या अध्यायात, म्हणजे सूरह कद्रमध्ये, या रात्रीविषयी सांगितले आहे. अवघ्या पाच आयतींचा हा अध्याय. त्याचा आशय असा की कुरआन या रात्री उतरला, ही रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ आहे, आणि पहाट होईपर्यंत ती शांततेची असते. हजार महिने म्हणजे ८३ वर्षे ४ महिने. चांद्र महिने धरून आपल्या नेहमीच्या सौर वर्षांत मोजले तर सुमारे ८० वर्षे १० महिने. माणसाचे पूर्ण आयुष्यच म्हणा ना. अनेक भाष्यकार हजार हा आकडा काटेकोर हिशेब न मानता ‘मोजता येणार नाही इतके’ अशा अर्थाने घेतात. दोन्ही अर्थांनी श्रद्धावंताला मिळणारा निरोप एकच : आयुष्यभराच्या उपासनेचे मोल एका रात्रीत मिळू शकते.

ही रात्र शब-ए-बरातपेक्षा वेगळी आहे. शब-ए-बरात रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात मध्यावर येते. रजब महिन्यातली शब-ए-मेराज ही आणखी निराळी. तिन्ही रात्री जागवल्या जात असल्याने इतर समाजांतल्या लोकांची नेहमी गल्लत होते.

तारीख का सांगितली नाही?

खानदेशाला जागरण नवे नाही. महाशिवरात्र असते, कोजागरी असते, श्रावणात कानबाई घरात बसली की रात्रभर गाणी चालतात. पण या साऱ्यांची तिथी किंवा दिवस ठरलेला असतो. शब-ए-कद्रचे तसे नाही.

हदीसच्या सहीह बुखारी या संग्रहात उबादा इब्न सामित यांनी सांगितलेला प्रसंग आहे. हजरत मोहम्मद पैगंबर ही रात्र नेमकी कोणती ते सांगण्यासाठी बाहेर आले. तेवढ्यात तिथे दोन माणसांचे भांडण जुंपले होते. तेव्हा पैगंबरांनी सांगितले की, तारखेचे ज्ञान आता काढून घेतले गेले आहे, आणि कदाचित त्यातच तुमचे भले असेल. शेवटच्या दिवसांत ती शोधा, असे त्यांनी सुचवले.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. एक, तारीख गुप्त राहणे ही तूट न मानता तिच्यात भले असल्याचे मानले गेले. धर्मपंडित त्याचे कारण असे देतात की तारीख कळली असती तर लोकांनी एकच रात्र जागून बाकीच्या सोडून दिल्या असत्या. दुसरी गोष्ट, ज्ञान गेले ते भांडणामुळे. तिच्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

पैगंबरांच्या सहकाऱ्यांमध्येही या रात्रीबाबत एकमत नव्हते. उबई इब्न काब हे २७ व्या रात्रीवर ठाम होते. आज भारतभर २७ व्या रात्रीला जे महत्त्व आहे, त्याचा एक मोठा आधार हाच. पण अबू सईद खुदरी यांची आठवण वेगळी आहे. त्या वर्षी आपण पाण्यात आणि चिखलात सजदा करत आहोत असे पैगंबरांना स्वप्नात दिसले होते. रात्री पाऊस झाला, खजुराच्या फांद्यांनी शाकारलेले मशिदीचे छत गळले, आणि पहाटेच्या नमाजनंतर त्यांच्या कपाळाला ओली माती लागलेली अबू सईद यांनी पाहिली. ती रात्र २१ वी होती. बोहरा समाज २३ व्या रात्रीला लैलतुल कद्र मानतो. शिया परंपरेत १९, २१ आणि २३ या रात्री जागवतात. सुन्नी बहुसंख्य समाज शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींमध्ये, म्हणजे २१, २३, २५, २७ आणि २९ मध्ये तिचा शोध घेतो. उर्दूत त्यांना ‘ताक रात’ म्हणतात.

रात्र आधी, दिवस नंतर

इथे एक साधी बाब समजून घ्यायला हवी. इस्लामी दिनगणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे रात्र आधी येते आणि तिचा दिवस नंतर. त्यामुळे २७ वी रात्र म्हणजे २७ वा रोजा सोडल्यानंतरची रात्र नव्हे. २६ वा रोजा सोडला की २७ वी रात्र लागते.

२०२५ मध्ये भारतात पहिला रोजा २ मार्चला होता. त्यामुळे २६ वा रोजा २७ मार्चला आला आणि त्याच संध्याकाळी २७ वी रात्र सुरू झाली. योगायोगाने त्या वर्षी रात्रीचा क्रमांक आणि मार्चची तारीख सारखीच होती : २१ वी रात्र २१ मार्चच्या संध्याकाळी, २९ वी २९ मार्चच्या. अनेकांच्या हिशेबात इथेच एका दिवसाची चूक होते, विशेषतः भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकच चौकोन रंगवलेला असतो तेव्हा.

दिवस कोणत्या गावात कधी मावळतो, यालाही महत्त्व आहे. धुळे हे जळगावच्या पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य सुमारे तीन मिनिटे उशिरा मावळतो आणि तेवढाच उशिरा उगवतो. म्हणूनच दोन्ही शहरांच्या सहरी-इफ्तारच्या वेळापत्रकांत तो फरक दिसतो, आणि जळगावचे वेळापत्रक धुळ्यात तसेच्या तसे वापरून चालत नाही.

२९ की ३०? इथे गणित उलटते

आता या विषयातला सर्वांत कमी चर्चिलेला मुद्दा. ‘विषम रात्री’ मोजायच्या कुठून? सुरुवातीपासून की शेवटापासून?

काही हदीसमध्ये ही रात्र ‘नऊ उरल्या असता, सात उरल्या असता, पाच उरल्या असता’ शोधावी, असा आशय येतो. म्हणजे मोजणी शेवटाकडून. मध्ययुगीन पंडित इब्न तैमिया यांनी यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट मांडला आहे. महिना २९ दिवसांचा असेल तर ‘नऊ उरलेली’ रात्र २१ वी येते. पण महिना ३० दिवसांचा असेल तर तीच रात्र २२ वी ठरते. म्हणजे विषमची सम होते.

खानदेशातली लागोपाठची दोन वर्षे ताडून पाहता येतील. २०२५ चा रमजान इथे २९ दिवसांचा झाला. ३० मार्चला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चंद्र दिसला आणि ३१ मार्चला ईद झाली. चालू रात्र धरून नऊ रात्री उरल्या होत्या त्या २१ मार्चच्या संध्याकाळी, आणि ती २१ वी रात्र होती. इथे दोन्ही मोजण्या जुळल्या.

२०२४ मध्ये मात्र पहिला रोजा १२ मार्चला होता आणि ईद ११ एप्रिलला झाली. महिना ३० दिवसांचा भरला. त्या वर्षी नऊ रात्री उरल्या त्या १ एप्रिलच्या संध्याकाळी, आणि ती २२ वी रात्र होती. फक्त ताक रात जागणाऱ्याने ती झोपून काढली असणार.

आता कळीचा प्रश्न. १ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी महिना २९ चा होणार की ३० चा, हे कोणाला माहीत होते? कोणालाच नाही. ते ठरणार होते आठ दिवसांनी, ९ एप्रिलला चंद्र दिसतो का यावर. म्हणजे ज्या माहितीवर रात्रीचा क्रमांक अवलंबून आहे, ती माहिती रात्र उलटून गेल्यावरच हाती येते. त्यातच सौदी अरेबियात महिना एक दिवस आधी सुरू झाला असेल, तर तिथली विषम रात्र इथली सम असते. स्थानिक चंद्रदर्शनाप्रमाणे चालावे, असे इथले बहुसंख्य उलेमा सांगतात. तरीही दोन्ही शंका एकत्र ठेवल्या तर सुरक्षित मार्ग एकच उरतो : दहाच्या दहा रात्री.

आणि पैगंबरांचा शिरस्ताही तोच होता. त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी सांगितले आहे की शेवटचे दहा दिवस आले की ते कंबर कसत, रात्री जागत आणि घरच्यांनाही उठवत. त्यांनी एक रात्र निवडून बाकीच्या सोडल्या नाहीत.

एतेकाफ : खात्रीशीर उपाय

दहाही रात्री हाती लागाव्यात यासाठीची रीत म्हणजे एतेकाफ. विसाव्या रोजाच्या दिवशी सूर्यास्तापूर्वी माणूस मशिदीत दाखल होतो आणि ईदचा चंद्र दिसेपर्यंत तिथेच मुक्काम करतो. एका कोपऱ्यात चादरीचा आडोसा, अंथरूण, कुरआन, पाण्याची बाटली. जेवणाचा डबा घरून येतो. शौच, वजू अशा गरजांखेरीज बाहेर पडता येत नाही. विनाकारण बाहेर पडले तर एतेकाफ मोडतो.

खानदेशातल्या बहुतेक मशिदी हनफी परंपरेच्या आहेत. या परंपरेनुसार वस्तीतल्या एकाने जरी एतेकाफ केला तरी सर्वांची जबाबदारी पूर्ण होते, आणि कोणीच केला नाही तर सर्वांवर ठपका येतो. म्हणूनच यावल-रावेरकडच्या एखाद्या लहान वस्तीतही, जिथे तडवी कुटुंबे शेतीच्या कामात गुंतलेली असतात, निदान एक माणूस बसवण्याची धडपड असते. बहुधा तो निवृत्त वडीलधारा असतो, कारण दहा दिवसांची मजुरी सोडणे बाकीच्यांना परवडत नाही. स्त्रिया घरातच नमाजची एक जागा ठरवून एतेकाफ करू शकतात.

रात्रीचा आराखडा

‘रात्रभर जागणे’ म्हणजे काय, तेही पाहू. मार्चअखेरीस जळगावात सूर्यास्त सहा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास होतो आणि फजरची वेळ पहाटे पाचच्या थोडी पुढे लागते. म्हणजे रात्र साधारण साडेदहा तासांची.

तीत इफ्तार आणि मगरिब झाल्यावर इशाची नमाज, मग तरावीह. हनफी मशिदींत तरावीहच्या २० रकात होतात, अहले हदीस मशिदींत ८. हाफिज, म्हणजे कुरआन तोंडपाठ असलेली व्यक्ती, रोज सुमारे एक ते सव्वा पारा ऐकवते आणि ३० पारे बहुतेक ठिकाणी २७ व्या रात्री पूर्ण होतात. याला खत्म-ए-कुरआन म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या मोठ्या मदरशासह ठिकठिकाणी हे पाठांतर शिकवले जाते. त्या रात्री मिठाई वाटली जाते, हाफिजचा सत्कार होतो.

त्यानंतरचा वेळ ज्याचा त्याचा. नफ्ल नमाज, कुरआन वाचन, जप, दुआ. साडेदहा तासांचे तीन भाग केले तर शेवटचा भाग साधारण पावणेदोनला सुरू होतो. तहज्जुदसाठी हाच काळ सर्वोत्तम मानतात. मग सहरी, आणि फजरला रात्र संपते.

या रात्री काय मागावे, असे हजरत आयेशा यांनी विचारले होते. पैगंबरांनी शिकवलेल्या दुआचा आशय केवळ क्षमेचा आहे. तिच्यात धन नाही, नोकरी नाही, आयुष्यही नाही.

कुठे चुकते, आणि कसे ओळखावे

पहिली चूक वर आलीच. २७ व्या रात्री मशिदीबाहेर चप्पल ठेवायला जागा नसते आणि २८ व्या रात्री मागच्या रांगा रिकाम्या असतात. खत्म झाला, मिठाई मिळाली, आता खरेदीला बाजारात. पण महिना शिल्लक असतो, आणि २९ वी रात्रही ताकच असते. गर्दी कोणत्या रात्री ओसरते ते पाहिले की लोकांनी शोध थांबवला की नाही, ते कळते.

दुसरी चूक चिन्हांच्या मागे लागण्याची. या रात्रीनंतरच्या सकाळी सूर्य तीव्र किरणांशिवाय उगवतो, असे उबई इब्न काब यांच्या कथनात आहे. पण ते चिन्ह रात्र सरल्यावरचे आहे. त्यावरून कोणती रात्र जागावी ते ठरवता येत नाही. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये खानदेशाच्या क्षितिजावर धूळ असली की सूर्य तसाही फिकाच दिसतो. कुत्री भुंकत नाहीत, खारे पाणी गोड होते, असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांना भक्कम आधार नाही.

तिसरी चूक जागण्यालाच उपासना समजण्याची. चौकात चहा, दुचाकीवर चकरा, मोबाइलवर व्हिडिओ आणि मग फजरच्या वेळी झोप. अशी रात्र जागली खरी, पण मुख्य नमाजच बुडाली. नफ्लसाठी फर्ज गमावण्याचा हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने तोट्याचाच.

मजुराने काय करावे?

खरा पेच त्यांचा आहे ज्यांना जागणे शक्यच नाही. धुळ्यात यंत्रमागावर पाळी करणारा कामगार, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात रात्रपाळीला असलेला तरुण, पहाटे केळी कापणीला निघणारा मजूर. दिवसभर रोजा, पारा चाळिशीकडे, आणि दहा रात्री जागायचे? मशिदीत रात्रभर बसलेल्यांकडे पाहून त्यांच्या मनात खंत राहते की एवढी मोठी रात्र आपल्या नशिबी नाही.

शास्त्राने त्यांच्यासाठी वाट ठेवली आहे, ती मात्र व्यासपीठावरून कमी सांगितली जाते. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसचा आशय असा की, ज्याने इशाची नमाज जमातीसोबत पढली त्याने जणू अर्धी रात्र उपासना केली, आणि ज्याने फजरही जमातीसोबत पढली त्याने जणू पूर्ण रात्र. म्हणजे यंत्रमाग कामगाराने दहाही दिवस इशा आणि फजर जमातीत साधली, मध्ये झोप घेतली आणि सहरीला उठल्यावर पंधरा मिनिटे दुआ केली, तर त्याच्या हातून एकही रात्र पूर्ण निसटत नाही. पाळीवर असलेल्याला काम करता करता जप करता येतो. मासिक पाळीत स्त्रिया नमाज पढत नाहीत, पण दुआ आणि जप त्यांनाही खुला आहे. दहा रात्री थोडी-थोडी उपासना करणारा हा कामगार, फक्त २७ वी रात्र पूर्ण जागणाऱ्यापेक्षा या शोधाच्या मूळ कल्पनेच्या जास्त जवळ आहे.

म्हणून इमाम आणि मशिदीच्या विश्वस्तांनी दोन गोष्टी करायला हरकत नाही. खत्म २७ ला ठेवला तरी २८, २९ आणि आलीच तर ३० व्या रात्रीचा कार्यक्रम आधीच फलकावर लावावा. आणि कामगारांची वाट, इशा-फजरची, पहिल्याच ताक रातीला सांगून टाकावी. शेजारी राहणाऱ्या इतर समाजांनीही एवढे ध्यानात ठेवले तर बरे की या काळातली वर्दळ एका रात्रीची नसून दहा रात्रींची असते, आणि ती महिन्याच्या शेवटी, अमावास्येच्या आसपासच्या काळोखात येते. मशिदींकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे दिवे त्या दहाही दिवशी सुरू असावेत, ही पालिकेकडे करण्याजोगी साधी मागणी आहे.

आणि ते भांडण

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे. तारखेचे ज्ञान गेले ते दोघांच्या वादामुळे. उलेमा याचा दाखला देऊन सांगतात की, क्षमा मागण्याच्या रात्री मनात वैर घेऊन उभे राहू नये. शेताच्या बांधावरून दोन भाऊ बोलत नाहीत, भाडेकरू आणि घरमालक कोर्टात आहेत, सून माहेरी बसली आहे. अशी घरे खानदेशात प्रत्येक मोहल्ल्यात आणि प्रत्येक गल्लीत सापडतील. पहाटेपर्यंत हात उचलून स्वतःसाठी माफी मागायची आणि शेजारच्या रांगेतल्या भावाला सलामही करायचा नाही, हे या रात्रीच्या गोष्टीशीच विसंगत ठरते.

रात्र कोणती हे कोणाला शोधून सापडेलच असे नाही. त्या भावाचे घर मात्र माहीत असते, आणि तिकडे जायला चंद्र दिसण्याची वाट पाहावी लागत नाही.